मेशच्या शेवटच्या नोडवर वेग का पडतो: आधी मोजा, मग नोड हलवा, मग वायर टाका

घरात वायफायचा मेश बसवला, त्याचे तीन डबे, म्हणजे नोड, तीन खोल्यांत ठेवले, मोबाइलवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, आणि तरीही मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतो. ही तक्रार मी इतक्या घरांतून ऐकली आहे की आता क्रमवार लिहून ठेवतो. बहुतेक जण एकच चूक करतात: वेग कमी झाला की चौथा नोड विकत आणतात किंवा प्लॅन वाढवतात. दोन्हींनी शेवटच्या खोलीत काही फरक पडत नाही, कारण अडचण नोड आणि नोड यांच्यामधल्या दुव्यात असते. त्या दुव्यालाच बॅकहॉल म्हणतात.

पूर्ण लेखात मी एकच घर घेऊन चालतो, नागपूरला मनीषनगरात राहणाऱ्या माझ्या मामांचं. तीस बाय पन्नासचा प्लॉट, खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, मधून जिना, वर लॉबी आणि मागच्या बाजूला मामेभावाची खोली. तो घरून काम करतो. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, मेश दोन बँडचा, तीन नोडांचा. हॉलमध्ये स्पीड टेस्ट २८० दाखवायची आणि भावाच्या खोलीत ३५. मामांनी फोन केला तेव्हा पहिलंच वाक्य होतं, "अरे, तीन-तीन डबे लावले, तरी वरती नेट हळूच चालून राहिलं, काहून?"

## काम सुरू करण्याआधी: नेमकं काय अर्धं होतं?

अर्धा होतो तो प्लॅनचा वेग नव्हे. एका रेडिओचा वेळ वाटला जातो.

दोन बँडच्या मेशमध्ये नोडकडे ५ गिगाहर्ट्झचा एकच रेडिओ असतो. त्याच रेडिओवर तो इंटरनेटच्या तारेला जोडलेल्या मुख्य नोडकडून डेटा घेतो आणि त्याच रेडिओवर, त्याच चॅनेलवर, तुमच्या लॅपटॉपला देतो. घेत असताना त्याला देता येत नाही. म्हणजे प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो. दोन्ही वेळा सारखाच वेळ लागला, तर हातात निम्मा वेग उरतो. अशी दोन नोडांची साखळी असेल तर तोच तुकडा तीनदा जातो आणि उरतो तिसरा हिस्सा.

पण ‘दोन्ही वेळा सारखाच वेळ लागला तर’ ही अट विसरू नका. मागचा दुवा कमजोर असेल तर वेळ जवळजवळ सगळा त्याच दुव्यात जातो, आणि मग अर्ध्यापेक्षा कितीतरी जास्त वेग पडतो. अंदाजासाठी एक साधं सूत्र आहे. त्यात A म्हणजे बॅकहॉलचा एकट्याचा वेग आणि B म्हणजे नोडपासून लॅपटॉपपर्यंतचा एकट्याचा वेग:

```
1 / (1/A + 1/B)
```

दोन्ही दुवे ४०० चे असतील तर २०० मिळतात, म्हणजे बरोबर निम्मे. बॅकहॉल ८० चा आणि लॅपटॉपचा दुवा ४५० चा असेल तर मिळतात ६८. नोड लॅपटॉपला खेटून ठेवला म्हणून B वाढला, पण A पडल्यामुळे त्याचा काहीच उपयोग झाला नाही. आता तोच नोड मुख्य नोडच्या दिशेने सरकवून बॅकहॉल २६० वर आणा, भले लॅपटॉपचा दुवा ३०० वर उतरू दे. मिळतात १३९. नोड लॅपटॉपपासून लांब गेला आणि वेग दुप्पट झाला. मेशचा वेग ठरतो तो इथेच.

तीन बँडच्या मेशमध्ये बॅकहॉलसाठी रेडिओ वेगळा असतो, त्यामुळे ही वाटणी टळते. मात्र मध्ये स्लॅब असेल तर तो वेगळा रेडिओही स्लॅबपुढे तितकाच अडतो. म्हणून मेश बदलायच्या आधी पुढचे टप्पे करून पाहा.

## टप्पा १: तयारी

दोन लॅपटॉप, दोन लॅन वायर आणि मेशचं ॲप असलेला मोबाइल, एवढं पुरतं. नव्या लॅपटॉपला अनेकदा लॅनचं पोर्ट नसतं, तेव्हा यूएसबीचा गिगाबिट ॲडाप्टर लागेल.

सावधान: जुने, स्वस्त यूएसबी ॲडाप्टर १०० एमबीपीएसवरच अडतात. मोजणीत आकडा सारखा ९४-९५ वर थांबत असेल तर आधी ॲडाप्टर आणि वायर तपासा, मेशला दोष नंतर द्या.

घराचा कच्चा नकाशा कागदावर काढा. त्यात भिंती दाखवाच, पण लोखंडी कपाट, फ्रिज, गच्चीवर जाणारा जिना आणि कूलर हेही दाखवा. आपल्या नागपुरात कूलर ही मोठी गोष्ट आहे. पत्र्याची पेटी, तळाशी पाण्याची टाकी आणि तीन बाजूंनी ओल्या ताट्या: पत्रा सिग्नल परतवतो आणि पाणी तो शोषतं. हिवाळ्यात नीट चाललेला नोड एप्रिलमध्ये कोलमडतो तेव्हा अनेकदा त्याच्या वाटेत खिडकीला कूलर लागलेला असतो.

तयारीतलं शेवटचं काम म्हणजे फायबरची तार जिथे येते तो ओएनटीचा डबा. त्याचं स्वतःचं वायफाय चालू असेल तर बंद करा. नाहीतर मोबाइल कधी त्याला चिकटतो, कधी मेशला, आणि मोजणी निरर्थक होते. शिवाय तो डबा मुख्य नोडच्या शेजारीच बसलेला असतो, त्यामुळे दोघे एकमेकांच्या चॅनेलमध्ये आवाज करत राहतात.

## टप्पा २: मोजणी

स्पीड टेस्टवर विसंबू नका. ती प्लॅन, सर्व्हर आणि संध्याकाळची गर्दी हे सगळं एकत्र मोजते. आपल्याला फक्त घरातला दुवा मोजायचा आहे, त्यासाठी `iperf3` हे मोफत साधन वापरायचं.

पहिला लॅपटॉप मुख्य नोडच्या लॅन पोर्टला वायरने जोडा आणि त्यावर हे चालवा:

```
iperf3 -s
```

विंडोज फायरवॉलने परवानगी विचारली तर द्या. या लॅपटॉपचा आयपी पत्ता लिहून ठेवा. दुसऱ्या लॅपटॉपवर तो पत्ता घालून चालवा:

```
iperf3 -c 192.168.1.10 -t 30 -P 4 -R
```

`-R` मुळे मोजणी डाउनलोडच्या दिशेने होते. शेवटच्या ओळींमधला `SUM` आणि `receiver` लिहिलेला आकडा घ्यायचा.

आता प्रत्येक दूरच्या नोडपाशी ही चाचणी दोनदा करायची. एकदा दुसरा लॅपटॉप त्या नोडच्या लॅन पोर्टला वायरने जोडून आणि एकदा त्याच जागी वायफायवर. वायरने जोडल्यावर लॅपटॉप हवेचा वेळ घेत नाही, म्हणून जो आकडा येतो तो निव्वळ बॅकहॉलचा असतो. वायफायवर येतो तो बॅकहॉल आणि लॅपटॉप यांच्यातल्या वाटणीनंतरचा. या दोन आकड्यांमधला फरक पाहिल्याशिवाय निदान होत नाही. बहुतेक लोक फक्त दुसरा आकडा घेतात आणि चुकतात.

तपासा: वायफायवर मोजताना लॅपटॉप खरंच त्याच नोडला जोडलेला आहे का? विंडोजवर ही आज्ञा द्या:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात `BSSID` आणि `Channel` पाहा. मेशच्या ॲपमध्ये प्रत्येक नोडचा पत्ता दिसतो. दोन्ही पत्ते जवळपास सारखे असायला हवेत, शेवटचे एक-दोन अंक वेगळे असू शकतात. चॅनेल १ ते १३ पैकी दिसलं तर लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर आहे. ती मोजणी टाकून द्या.

मामांकडे आलेले आकडे असे होते. हॉलमध्ये, मुख्य नोडजवळ, वायफायवर ५००. स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या नोडवर वायरने १६०, वायफायवर १२०. वर भावाच्या खोलीतल्या तिसऱ्या नोडवर वायरने ४१, वायफायवर ३८.

## टप्पा ३: आकडे वाचणं

तीन परिस्थिती संभवतात.

वायरचा आकडा चांगला आहे आणि वायफायचा साधारण निम्मा, तर रेडिओची वाटणी हाच खरा आजार आहे. नोडची जागा ठीक आहे. इथे वायर किंवा वेगळ्या बॅकहॉल बँडचा मेश, हाच इलाज.

वायरचाच आकडा पडलेला आहे आणि वायफायचा त्याच्या अगदी जवळ आहे, तर दुवा कमजोर आहे. जागा बदलायला हवी. ‘मेशमध्ये अर्धं होतंच’ असं म्हणून लोक सोडून देतात ती बरीचशी प्रकरणं अशीच असतात.

वायरचा आकडा तीस-चाळीसच्या आसपास घुटमळतो आणि नोड मुख्य नोडपासून फार लांबही नाही, तर बॅकहॉल ५ गिगाहर्ट्झ सोडून २.४ वर उतरला असेल. काही मेश ते न सांगता करतात. ॲपमध्ये नोडच्या पानावर कोणता बँड लिहिलाय ते बघा.

मामांच्या घरी भावाच्या खोलीत ४१ आणि ३८. दोघांत फरक नाही, म्हणजे वाटणीने फारसं काही खाल्लेलं नव्हतं. ॲपमध्ये पाहिलं तर तिसरा नोड मुख्य नोडला जोडलेला नव्हता, तो खालच्या स्वयंपाकघरातल्या नोडला लटकला होता. दोघांच्या मध्ये स्लॅब, सळईची जाळी आणि काँक्रीट. वरच्या बाजूला दोन भिंतीही. तो शेवटचा दुवा एकट्याने ५५ च्या आसपास होता. ५५ आणि १६० सूत्रात घालून बघा, ४१ येतात. हिशोब जुळला की मला विश्वास वाटतो की आपण योग्य ठिकाणी बोट ठेवलंय.

## टप्पा ४: नोडची जागा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण याला एक पैसा लागत नाही.

सुरुवात मुख्य नोडपासून करा. मामांकडे तो टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, सेट टॉप बॉक्सच्या मागे होता. मामींना तो डबा समोर नको होता आणि ते मी समजू शकतो, पण टीव्हीच्या मागच्या धातूच्या पत्र्याला पाठ लावून बसलेला नोड पहिल्याच पावलाला हरतो. त्याला हॉलच्या आतल्या भिंतीवर, जिन्याच्या पायाशी, डोक्याच्या उंचीवर छोट्या फळीवर ठेवला. ओएनटीपासून तिथपर्यंत आठ मीटरची लॅन वायर स्कर्टिंगच्या कडेने नेली. मुख्य नोड ओएनटीला चिकटलेलाच असला पाहिजे असं काही नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं.

मग पुढच्या नोडची जागा. ज्या खोलीत नेट येत नाही तिथे नोड ठेवायचा, ही सर्वांत मोठी चूक आहे. नोड स्वतः ऐकूच शकत नसेल तर तो पुढे काय देणार? मोबाइलवर वायफाय ॲनलायझर उघडा, मुख्य नोडचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल निवडा आणि मुख्य नोडपासून अडचणीच्या खोलीकडे सावकाश चालत जा. आकडा उणे चिन्हाने दिसतो. उणे ४५ उत्तम, उणे ८० खराब. उणे ६० ते उणे ६५ दरम्यान थांबा. तीच नोडची जागा. उणे ७० च्या पलीकडे बॅकहॉलसाठी नोड ठेवू नका.

दोन मजली घरात सिग्नल स्लॅबमधून ढकलण्याचा हट्ट सोडा आणि त्याला जिन्याच्या पोकळीतून वर न्या. जिन्याच्या पायाशी एक नोड आणि वर लॉबीत जिन्याच्या तोंडाशी दुसरा, एवढ्याने बहुतेक घरांत निम्मं काम होतं.

मामांच्या घरी दुसरा नोड स्वयंपाकघरातून उचलून वरच्या लॉबीत आणला. तिथे मोबाइलवर मुख्य नोडचा सिग्नल उणे ५८ दिसत होता. नोडच्या लॅन पोर्टवर वायरने मोजलं तर ३५०. आता भावाच्या खोलीतला नोड पूर्ण बंद करून त्याच्या टेबलावर वायफायवर मोजलं. लॉबी आणि टेबल यांच्यामध्ये विटांची एकच भिंत, त्या दुव्याचा एकट्याचा वेग २२० च्या आसपास. सूत्राप्रमाणे १३५ यायला हवे होते, आले १३२.

म्हणजे त्या खोलीतला नोड काढल्यावर त्याच खोलीतला वेग ३८ वरून १३२ झाला. मामांना ते पटायला दोन वेळा मोजून दाखवावं लागलं.

सावधान: नोड हलवल्यावर लगेच मोजू नका. त्याला वीज बंद-चालू करून पाच मिनिटं द्या, नाहीतर तो जुन्याच नोडला चिकटून राहतो.

सावधान: गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत नोड ठेवायचा मोह होतो, कारण तिथून सगळीकडे सिग्नल जाईल असं वाटतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या दिवशी ती पत्र्याची किंवा उघड्या स्लॅबची खोली भट्टी होते. तापलेला नोड वेग कमी करतो, मग बंद-चालू होऊ लागतो.

तपासा: सगळे नोड इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत का? मधला नोड साध्या पॉइंटवर असेल तर वीज गेल्यावर तो एकटा बंद पडतो आणि मागचा नोड दूरच्या, कमजोर दुव्याला पकडून बसतो. वीज आल्यावरही तो कधीकधी तिथेच राहतो. ‘कालपर्यंत चांगलं होतं, आज अचानक’ या तक्रारीचं हे नेहमीचं कारण.

## टप्पा ५: साखळी मोडा

नोड एकाला एक असे लटकले की प्रत्येक टप्प्याला हवेचा वेळ पुन्हा खर्च होतो. म्हणून शक्य तिथे सगळे नोड थेट मुख्य नोडला जोडलेले असावेत. काही ॲपमध्ये नोडला कोणाशी जोडायचं ते निवडता येतं. ती सोय असेल तर वापरा. नसेल तर जागेनेच ते साधावं लागतं.

मामांकडे मोकळा झालेला तिसरा नोड परत स्वयंपाकघराच्या दिशेने ठेवला, पण अगदी आत न नेता दारापाशी, जिथून जिन्याच्या पायाशी असलेला मुख्य नोड दिसतो. ॲपमध्ये दोन्ही नोड मुख्य नोडला जोडलेले दिसले. दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवरच्या अशा घरात तिसरा नोड खरंतर लागतच नव्हता, पण मामींचा मोबाइल ओट्यापाशी चालायला हवा होता. चौथा तर कुठेच नको. सगळे नोड बहुधा एकाच चॅनेलवर बोलतात, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त नोड म्हणजे एकमेकांची वाट अडवणं.

चॅनेल स्वतः ठरवता येत असेल तर ३६ किंवा १४९ ठेवून दोन्ही मोजा. ५२ ते १४४ या चॅनेलवर रडारची चाहूल लागली की नोडला चॅनेल सोडावं लागतं आणि नवं चॅनेलही त्याच पट्ट्यातलं असेल तर किमान एक मिनिट ऐकत बसावं लागतं. घरातल्याला मात्र नेट गेलं एवढंच दिसतं.

## टप्पा ६: वायर टाकायची असेल तर

१३२ वर बहुतेक घरांचं भागतं, आणि तिथेच थांबलात तरी काही चुकलं नाही. भावाला मोठ्या फायली चढवाव्या लागतात आणि दिवसभर कॉल असतात, म्हणून आम्ही वायर टाकली. वायरने बॅकहॉल हवेतून निघून जातो, सूत्रातला A जवळजवळ अमर्याद होतो, आणि उरतो फक्त लॅपटॉपपर्यंतचा दुवा.

एकच वायर टाकता येत असेल तर ती कोणत्या नोडला टाकायची? जो नोड जास्त लोकांना देतो किंवा ज्याच्यावर दुसरा नोड लटकलेला आहे, त्याला. मामांकडे तो लॉबीतला.

वाट शोधताना भिंत फोडायच्या आधी जुन्या केबल टीव्हीचा किंवा टेलिफोनचा पाइप बघा. मामांच्या जिन्यातून गच्चीपर्यंत डिशची बंद पडलेली तार गेलेली होती. तिच्या खालच्या टोकाला नवी लॅन केबल टेपने गुंडाळली. टोकं समोरासमोर न ठेवता हातभर एकमेकांवर चढवून आणि वरचं टोक निमुळतं करून. मग भाऊ लॉबीतून जुनी तार ओढत गेला आणि मी खालून नवी पाइपमध्ये सरकवत राहिलो. एका वळणावर अडकली. तिथे जोर लावला तर टेप सुटते आणि दोन्ही तारा हातातून जातात. दोन हात मागे घेऊन, केबलला टाल्कम पावडर लावून पुन्हा सावकाश ओढली, तेव्हा निघाली.

सावधान: ज्या पाइपमधून घराची वीज जाते त्यात लॅन केबल घालू नका. आधी मेन बंद करा, मगच पाइपचा डबा उघडा, आणि आत विजेची तार दिसली तर दुसरी वाट शोधा.

केबल कॅट-६ घ्या, कॅट-५ई असली तरी घरातल्या गिगाबिटला पुरते. पण ती पूर्ण तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते आणि दिसायला अगदी तशीच असते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ठेवून द्या. ती ओढताना तुटते आणि टोकाशी काही महिन्यांत सैल होते. केबल घराबाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर बाहेरची, काळ्या आवरणाची घ्या. घरातल्या केबलचं आवरण आपल्या उन्हात तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत जातं. बाहेरून नेलेली केबल वळवाच्या कडकडाटात दोन्ही टोकांनी काढून ठेवलेली बरी.

टोकांना दोन्हीकडे एकच रंगक्रम ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा लागतात. केबलवाल्यांनी जुन्या काळी फक्त चार तारा जोडून टाकलेल्या केबल अजून घराघरांत आहेत. त्यावर नेट चालतं, पण १०० च्या वर कधी जात नाही.

तपासा: नोड जोडण्याआधी केबलच्या दोन्ही टोकांना मुख्य नोड आणि लॅपटॉप जोडून पॉवरशेलमध्ये हे चालवा:

```
Get-NetAdapter | Select Name, LinkSpeed
```

`1 Gbps` दिसलं पाहिजे. `100 Mbps` दिसलं तर एखादी जोडी तुटलेली किंवा चुकलेली आहे. टोक पुन्हा करा. आमचं एक टोक दुसऱ्यांदा करावं लागलं. निळ्याच्या शेजारची पांढरी-निळी तार प्लगच्या टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती.

## टप्पा ७: वायर जोडण्याचा क्रम

इथे घाई केली तर सगळं घर बंद पडतं, म्हणून क्रम पाळा.

१. नोड आधी वायफायनेच मेशमध्ये सामील झालेला आणि चालू असावा. नवा, सामील न केलेला नोड थेट वायरवर लावू नका.

२. ॲपमध्ये वायर्ड बॅकहॉलची सोय वेगळी चालू करावी लागत असेल तर ती चालू करा.

३. केबलचं एक टोक मुख्य नोडच्या लॅन पोर्टमध्ये, दुसरं दूरच्या नोडमध्ये. ओएनटीच्या मोकळ्या पोर्टमध्ये नाही. मुख्य नोड राउटरचं काम करत असेल तर ओएनटीच्या मागे त्याचं वेगळं नेटवर्क असतं. दूरचा नोड ओएनटीला लावला तर तो त्या नेटवर्कच्या बाहेर पडतो आणि मेश त्याला ओळखेनासा होतो. पोर्ट कमी पडत असतील तर मुख्य नोडच्या पुढे साधा गिगाबिट स्विच लावा. कपाटात पडलेला जुना स्विच १०० चा असू शकतो, त्याच्यावरचा छापील आकडा बघा.

४. तीन-चार मिनिटं थांबा.

सावधान: एकाच नोडला किंवा एकाच स्विचला मुख्य नोडपासून दोन वायरी जोडू नका. त्यातून चक्र तयार होतं. स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले आणि पूर्ण घराचं नेट गेलं, तर शेवटी लावलेली वायर काढा.

तपासा: ॲपमध्ये त्या नोडचा दुवा वायर्ड दिसतो का? त्यावरही पूर्ण भरवसा नको. नोडच्या दुसऱ्या लॅन पोर्टवर `iperf3` चालवा. ९०० च्या वर आकडा आला तर बॅकहॉल खरंच वायरवर आहे. ३५० च आला तर वायर लागलेली असूनही तो हवेतून बोलतोय. नोड बंद-चालू करा, तरीही तसंच राहिलं तर पोर्ट बदला.

लॉबीतल्या नोडवर आमचा आकडा ९४० आला. भावाच्या टेबलावर वायफायवर २१८, म्हणजे त्या एका भिंतीतून जितकं येऊ शकतं तितकं सगळं. पूर्ण प्लॅन हवा असता तर केबल लॉबीतून आणखी सहा मीटर त्याच्या खोलीत न्यावी लागली असती. त्याने तो विचार केला, आणि एवढं पुरे म्हणाला.

## एप्रिलमध्ये पुन्हा एकदा

मार्च संपता संपता मामांकडे कूलर लागले. एक खाली हॉलमध्ये, एक वर भावाच्या खोलीला. वरचा कूलर बाहेरच्या भिंतीला असल्याने लॉबीकडून येणाऱ्या सिग्नलच्या वाटेत येत नव्हता, तिथे आकडा तोच राहिला. खाली मात्र कूलर खिडकीला न लावता आत, स्वयंपाकघराच्या दारापाशीच स्टँडवर ठेवला होता, बरोबर मुख्य नोड आणि तिसरा नोड यांच्या मधोमध. त्या नोडचा बॅकहॉल जवळजवळ निम्म्यावर आला. मामांनी या वेळी मला फोन करायच्या आधी स्वतः `iperf3` चालवून आकडा काढला, आणि नोड दाराच्या दुसऱ्या बाजूला, कूलरच्या उंचीपेक्षा वर, भिंतीवर टांगला. ताट्या उतरतील तेव्हा तो परत खाली घ्यायचा की नाही, ते तेव्हा मोजून ठरवणार आहेत.